वर्तमानपत्राचा संदर्भ दिला, पण त्या तारखेच्या अंकात लेख सापडत नाही: असं का होतं आणि कसं सोडवायचं

प्रबंध तपासून परत येतो आणि संदर्भसूचीत एका नोंदीपुढे शेरा असतो: 'या दिनांकाच्या अंकात, या पानावर असा लेख आढळला नाही.' विद्यार्थी गोंधळून जातो, कारण लेख त्याने स्वतः वाचलेला असतो, मोबाइलवर तो आजही उघडतो. परीक्षकही खोटं बोलत नसतात. त्यांनी ग्रंथालयात अंकाची फाइल काढून खरोखरच पान पाहिलेलं असतं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र आणि पत्रकारितेच्या संदर्भसूच्या मी नेहमी तपासते. पुस्तकांच्या नोंदी बहुतेक वेळा ठीक असतात. घोळ निघतो तो वर्तमानपत्रांच्या नोंदींत, आणि त्याचं सर्वात मोठं कारण एकच असतं: छापील अंक आणि संकेतस्थळ यांची माहिती एकाच नोंदीत मिसळलेली असते.

आधी एक प्रश्न: तुम्ही नेमकं काय वाचलंत?

आज एकच बातमी तीन रूपांत मिळते. कागदावर छापलेला अंक, त्याच अंकाच्या पानांची हुबेहूब प्रत असलेला ई-पेपर आणि संकेतस्थळावरचं पान. यातल्या पहिल्या दोघांचं गोत्र एक आहे. ई-पेपर पडद्यावर वाचला तरी त्यातला लेख छापील पानाचाच असतो, त्याला पान क्रमांक असतो, आवृत्ती असते आणि त्या दिवसाची तारीख असते. त्यामुळे ई-पेपरवरून घेतलेल्या लेखाची नोंद छापील लेखासारखी करावी, एवढंच की तो ई-पेपरवर पाहिला हे नोंदवावं.

संकेतस्थळावरचं पान मात्र वेगळं. त्याचं शीर्षक बऱ्याचदा निराळं असतं, कारण छापील मथळा स्तंभाच्या रुंदीत बसवावा लागतो आणि ऑनलाइन मथळा शोधयंत्रात सापडेल असा लिहिला जातो. तारीख एक दिवस आधीची असू शकते, कारण रात्री तयार झालेला मजकूर लगेच संकेतस्थळावर चढतो आणि कागदावर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. मजकूरही कमीजास्त असतो. छापताना जागेअभावी शेवटचे दोन परिच्छेद कापले जातात, ते ऑनलाइन तसेच राहतात.

म्हणून जे रूप वाचलं, त्याच रूपाची माहिती द्यायची. तारीख, शीर्षक, पान, दुवा हे सगळं एकाच रूपातून यायला हवं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण चूक इथेच होते. लेख संकेतस्थळावर वाचायचा आणि नोंद 'भारदस्त' दिसावी म्हणून पान क्रमांक कुठून तरी मिळवून जोडायचा, ही सवय फार पसरलेली आहे.

एक खरं उदाहरण

द न्यूयॉर्क टाइम्सचं उदाहरण घेते, कारण ते वर्तमानपत्र दोन्ही रूपांतला फरक स्वतःच सांगतं. हार्वी वाइनस्टीन या हॉलिवूडच्या निर्मात्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी जोडी कँटर आणि मेगन टूही या दोन पत्रकारांनी दिली आणि ती ५ ऑक्टोबर २०१७ रोजी संकेतस्थळावर आली. 'मी टू' चळवळीवर काम करणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या सूचीत ती असतेच. त्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ही ओळ आहे:

```
A version of this article appears in print on Oct. 6, 2017,
Section A, Page 1 of the New York edition with the headline:
Sexual Misconduct Claims Trail a Hollywood Mogul.
```

म्हणजे छापील तारीख ६ ऑक्टोबर, विभाग 'ए', पान १, न्यूयॉर्क आवृत्ती, आणि मथळा पूर्ण वेगळा. छापील मथळ्यात वाइनस्टीनचं नावसुद्धा नाही. आता सूच्यांमध्ये ही बातमी बहुधा कशी दिसते ते पाहा:

```
Kantor, J., & Twohey, M. (2017, October 6). Harvey Weinstein
paid off sexual harassment accusers for decades.
The New York Times, A1.
```

शीर्षक ऑनलाइनचं, तारीख आणि पान छापीलचं. ही नोंद घेऊन कोणी ६ ऑक्टोबरच्या अंकाचं पहिलं पान उघडलं, तर तिथे असा मथळा दिसणारच नाही. उलट संकेतस्थळावर ६ तारखेची बातमी शोधली तर तीही मिळणार नाही. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत ऑनलाइन वाचलेल्या बातमीची बरोबर नोंद अशी:

```
Kantor, J., & Twohey, M. (2017, October 5). Harvey Weinstein
paid off sexual harassment accusers for decades.
The New York Times.
https://www.nytimes.com/2017/10/05/us/harvey-weinstein-harassment-allegations.html
```

पान नाही, विभाग नाही. दुव्यातच `2017/10/05` दिसतं, त्यावरून तारीख पडताळूनही होते. अशी तारीख बऱ्याच वर्तमानपत्रांच्या दुव्यांत असते, ती नजरेखालून घालावी.

छापील अंक पाहिला असेल तर मथळा, तारीख आणि पान ही तिन्ही छापील अंकातून घ्यायची आणि दुवा गाळायचा. इथे आणखी एक खाचखळगा आहे. पहिल्या पानावरची मोठी बातमी आतल्या पानावर पुढे चालू राहते. एपीए शैलीत अशी सगळी पानं स्वल्पविराम देऊन लिहायची असतात. एमएलए शैलीत पहिल्या पानापुढे अधिक चिन्ह पुरतं, म्हणजे `A1+`. संकेतस्थळाच्या तळटीपेत फक्त पहिलं पान दिलेलं असतं, पुढची पानं नसतात. त्यामुळे त्या टीपेवरून पान उचलून छापील नोंद बनवली, की ती अपुरी राहते आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

एक दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण ३१ डिसेंबरला ऑनलाइन आलेली आणि १ जानेवारीला छापलेली बातमी असली की वर्षच बदलतं. मग मजकुरातल्या कंसात एक वर्ष आणि सूचीत दुसरं अशी विसंगती होते आणि वर्णक्रमात नोंदीची जागाही हलते.

ऑनलाइन तारीख कोणती धरायची

मराठी संकेतस्थळांवर बातमीखाली पुष्कळदा एकच तारीख दिसते आणि ती 'अपडेटेड' असते. मूळ बातमी कधी आली हे वरवर कळत नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये पानाचा मूळ कोड उघडा. संगणकावर Ctrl+U दाबलं की तो दिसतो. त्यात Ctrl+F करून `datePublished` शोधा. बहुतेक वृत्तसंकेतस्थळांच्या कोडमध्ये अशी जोडी मिळते:

```
"datePublished": "2023-03-13T19:50:00Z",
"dateModified": "2023-03-14T04:15:00Z"
```

आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत. शेवटचा `Z` नीट पाहा. त्याचा अर्थ ही वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेतली आहे, भारतीय नाही. तिच्यात साडेपाच तास मिळवले की १४ मार्चची रात्रीची १ वाजून २० मिनिटं होतात. म्हणजे कोडमध्ये १३ तारीख दिसत असली तरी वाचकांसाठी बातमी १४ तारखेची आहे. `Z` च्या जागी `+05:30` असेल तर वेळ भारतीयच आहे, काही मिळवायचं नाही. झोटेरोसारख्या, संदर्भ सांभाळणाऱ्या साधनाने आपोआप उचललेली तारीख एका दिवसाने चुकल्यासारखी वाटली, तर आधी ही जागा तपासा.

आता दोन तारखांपैकी कोणती? मजकूर बदलल्याची तारीख पानावर स्पष्ट दिली असेल तर ती वापरावी, असा एपीएचा सल्ला आहे. तो मान्य करूनही मी विद्यार्थ्यांना एक सांगते. 'अपडेटेड' म्हणजे नेहमी मजकूर बदलला असं नसतं. एखादं छायाचित्र बदललं, शब्दाची वेलांटी सुधारली, तरी ती तारीख पुढे सरकते. बातमी चालू घडामोडीची असेल, तासातासाला तिच्यात भर पडली असेल, तर अद्ययावत तारीख घ्या, कारण तुम्ही वाचलेला मजकूर त्या वेळचा आहे. अग्रलेख, स्तंभ किंवा मुलाखत असेल तर पहिल्या प्रकाशनाची तारीख धरा. कोणताही पर्याय निवडा, पण सगळ्या सूचीत एकच पद्धत ठेवा.

आवृत्ती आणि पुरवणी: मराठी वर्तमानपत्रांची खास अडचण

इथे थोडं थांबायला हवं, कारण परदेशी शैलीपुस्तिका वाचून हा भाग सुटत नाही. मोठ्या मराठी दैनिकांच्या मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा आवृत्त्या निघतात आणि जिल्ह्याची पानं निराळी असतात. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईची बातमी छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्तीत पहिल्या पानावर असेल, मुंबईच्या आवृत्तीत आठव्या पानावर चार ओळींत असेल, किंवा नसेलही. तेव्हा दैनिकाचं नाव, तारीख आणि 'पृ. १' एवढं लिहून भागत नाही. परीक्षक मुंबईत बसून मुंबईचा अंक पाहणार, आणि बातमी तिथे नाही असं म्हणणार. शेऱ्याचं हे दुसरं मोठं कारण.

शिकागो शैलीने यावर सरळ उपाय केला आहे. एकाच दिवसाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत मजकूर इकडचा तिकडे होतो, म्हणून वर्तमानपत्राचा पान क्रमांक देऊच नये, हवं तर आवृत्ती आणि विभाग द्यावा, असं ती सांगते. मला हा विचार पटतो. पण आपल्याकडची बरीच विद्यापीठं पान क्रमांक मागतात. तिथे पान द्यायचं तर आवृत्ती दिल्याशिवाय देऊ नये, नाहीतर ते पान कुठल्या अंकाचं हेच कळत नाही.

एपीए शैलीत आवृत्तीसाठी नेमलेली जागा नाही. मी दैनिकाच्या नावापुढे चौकटी कंसात ती लिहायला सांगते, उदाहरणार्थ सकाळ [कोल्हापूर आवृत्ती]. मार्गदर्शकांना आधी दाखवून घ्यावं आणि सूचीच्या सुरुवातीला एका ओळीत ही पद्धत नोंदवावी. मग त्यावर कोणी हरकत घेत नाही.

पुरवणीचंही तसंच. लोकसत्तेची 'लोकरंग' किंवा 'चतुरंग', सकाळची 'सप्तरंग' अशा पुरवण्या मुख्य अंकाबरोबर येतात. पुरवणीला स्वतःचे पान क्रमांक असले की त्या दिवशी 'पृ. ३' दोन ठिकाणी असतो. इंग्रजी वर्तमानपत्रांत विभागाचं अक्षर पानाला चिकटलेलं असतं, `A1`, `B4` असं, म्हणून तिथे हा गोंधळ होत नाही. मराठीत पुरवणीचं नाव पानाआधी लिहा: लोकसत्ता, 'लोकरंग' पुरवणी, पृ. ३. इतकं केलं तरी शोधणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. पुरवणीचं नाव सदराच्या नावाशी गल्लत करून लिहू नका. सदर म्हणजे त्या लेखकाचा स्तंभ, पुरवणी म्हणजे अंकाचा भाग.

झोटेरो वापरत असाल तर नोंदीचा प्रकार `Newspaper Article` ठेवा. त्यात `Edition`, `Section`, `Pages` हे तिन्ही रकाने आहेत. ते भरूनही आवृत्ती सूचीत उमटत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, निवडलेली शैली तो रकाना छापत नाही. अशा वेळी अंतिम प्रत वर्डमध्ये आली की आवृत्ती हाताने घाला, आणि ते अगदी शेवटी करा. सूची पुन्हा ताजी केली की हाताने घातलेलं पुसलं जातं.

उलट तक्रारही येते: शीर्षक तिरपं यायला नको होतं, ते आलं. बीबीसी मराठीसारख्या, छापील अंक नसलेल्या वृत्तसंकेतस्थळाची नोंद एपीए वेगळी करते. तिथे बातमीचं शीर्षक तिरपं आणि संकेतस्थळाचं नाव सरळ. वर्तमानपत्रात याच्या नेमकं उलट, दैनिकाचं नाव तिरपं. म्हणून अशा संकेतस्थळासाठी नोंदीचा प्रकार `Web Page` निवडावा.

जुना अंक आणि सही नसलेला अग्रलेख

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा केसरीतला अग्रलेख ६ जुलै १८९७ चा. सूच्यांमध्ये त्याची तारीख नाना तऱ्हेने लिहिलेली मी पाहिली आहे. अशा जुन्या अंकांसाठी वार तपासणं ही फार उपयोगी युक्ती आहे. केसरी तेव्हा साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघत असे. पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, तोही मंगळवारच. तेव्हा तुमच्या नोंदीतली त्या काळातली तारीख मंगळवारी पडत नसेल, तर कुठेतरी आकडा चुकला आहे किंवा एखाद्या पुस्तकातून चुकीची तारीख उतरली आहे. एक्सेल इथे मदत करत नाही, कारण ते १९०० पूर्वीच्या तारखा तारीख म्हणून ओळखत नाही. लिनक्सच्या संगणकावर असं विचारता येतं:

```
date -d 1897-07-06 +%A
```

उत्तर `Tuesday` येतं, म्हणजे तारीख निदान वारापुरती जुळते.

या अग्रलेखाखाली लेखकाचं नाव छापलेलं नाही, आणि सूचीत मात्र तो 'टिळक, बाळ गंगाधर' या नावाखाली सर्रास येतो. अनामिक अग्रलेखाची नोंद शीर्षकापासून सुरू करावी आणि शीर्षकापुढे चौकटी कंसात 'अग्रलेख' लिहावं. लेखक टिळक मानले जातात हे मजकुरात सांगा. नोंदीत नाव द्यायचंच असेल तर ते चौकटी कंसात टाका, म्हणजे ते अंकातलं नाही, अभ्यासकांनी लावलेलं आहे, हे दिसतं. आणि सर्वात महत्त्वाचं: अग्रलेख तुम्ही संग्रहाच्या पुस्तकात वाचला असेल तर संदर्भ त्या पुस्तकाचा द्या. मूळ अंक न पाहता अंकाचा संदर्भ देणं हे संशोधनात धकत नाही, आणि संग्रहात एखादा शब्द बदललेला असला तर त्याची जबाबदारी फुकटच तुमच्यावर येते.

नियतकालिकं

इथे कमी सांगायचं आहे. साधनेसारख्या साप्ताहिकाला पूर्ण तारीख, मासिकाला महिना आणि वर्ष, आणि अंकावर असेल तर वर्ष-अंक क्रमांक. दिवाळी अंकाला 'दिवाळी' हाच काळ समजावा आणि ज्या सालचा अंक त्याचं साल द्यावं, ऑक्टोबर की नोव्हेंबर याचा अंदाज बांधू नये. लेख नंतर कधीतरी संकेतस्थळावर चढवला असेल तर तिथली तारीख पुष्कळ नंतरची असते, वर्षभरानेही असू शकते. तिथे वाचला असेल तर तीच तारीख द्या आणि तो आधी कोणत्या अंकात आला होता हे नोंदीच्या शेवटी लिहा. द न्यूयॉर्कर या साप्ताहिकाच्या लेखांखालीही छापील अंकाची तारीख आणि छापील मथळा देणारी टीप असते. ती ओळ वाचल्याशिवाय नोंद पक्की करू नये.

दुवा उघडत नाही, अंक मिळत नाही

ऑनलाइन मथळे बदलतात, बातम्या काढून टाकल्या जातात, आणि ई-पेपरचे जुने अंक काही काळाने सभासदांपुरते राहतात. म्हणून बातमी वाचली त्याच दिवशी `web.archive.org/save` वर तिचा दुवा टाकून प्रत जतन करा. नोंदीत मूळ दुवा द्या, आणि तो बंद पडलेला असेल तर जतन केलेल्या प्रतीचा दुवा द्या. तिथेही न चढणाऱ्या, पैसे भरून वाचायच्या पानांची पीडीएफ स्वतःजवळ ठेवा. परीक्षकांनी विचारलं तर दाखवता येते. ई-पेपरच्या पानाचा लांबलचक दुवा दुसऱ्याच्या संगणकावर बऱ्याचदा उघडत नाही. त्यापेक्षा ई-पेपरच्या मुखपृष्ठाचा दुवा आणि सोबत आवृत्ती, तारीख, पान हे नेमकं दिलेलं बरं.

शेवटी कात्रणांचा प्रश्न. कार्यकर्त्यांच्या, लेखकांच्या घरी जपलेल्या वह्यांत चिकटवलेली कात्रणं हा फार मोलाचा ऐवज असतो, पण त्यावर तारीख नसते आणि दैनिकाचं नावही कधीकधी कापलेलं असतं. कात्रण सुटं असेल तर त्याची मागची बाजू बघा. तिथे चित्रपटांच्या जाहिराती असतात, क्रिकेटचा धावफलक असतो, दैनंदिन पंचांगाचा तुकडा असतो. तिथी, नक्षत्र आणि वार मिळाले आणि दशकाचा अंदाज असला की जुन्या पंचांगावरून तारीख एक-दोन शक्यतांवर येते, मग त्या दिवसांचे अंक ग्रंथालयात काढून पाहता येतात. अंक सापडला तर त्याचाच संदर्भ द्या. नाही सापडला तर अंदाजाची तारीख चौकटी कंसात 'सुमारे' लावून लिहा, पान क्रमांक गाळा, आणि कात्रण कोणाच्या संग्रहातलं आहे हे त्यांच्या परवानगीने नोंदीत सांगा.